कुकरचं रबर सारखं जातंय? आधी शिट्टीची नळी बघा

तक्रार बहुतेक एकाच सुरात येते. कुकर नीट चालत होता. मग एक दिवस शिट्टी होईना, झाकणाच्या कडेनं फस्सकन वाफ आली, रबराचा एक भाग बाहेर लोंबला आणि गॅसच्या शेगडीवर पिवळं पाणी सांडलं. बाजारातून नवं रबर आणलं, महिना-दोन महिने बरे गेले, पुन्हा तेच. घरातली म्हातारी माणसं विचारतात, "शिट्टी काबरं वाजत नई?" आणि उत्तर ठरलेलं असतं: रबर ढिलं झालं असेल.

वर्षात दोन-तीनदा रबर गेलं, तर दोष रबराचा नसण्याची शक्यता मोठी. वाफेची रोजची वाट म्हणजे शिट्टीखालची नळी. ती बंद झाली की वाफ पुढची कमजोर जागा शोधते आणि ती जागा रबराची असते. म्हणजे रबर फुटून बाहेर येतं तेव्हा ते आपलं काम करत असतं. ते बदलून नळी तशीच ठेवली, तर दुखणं जागच्या जागी राहतं. रबर बाहेर येणं हा त्यातला सौम्य प्रकार. वाईट प्रकार म्हणजे रबर धरून राहतं, कुकर गप्प बसतो आणि कुणीतरी त्याला थंड झालेला समजून झाकण फिरवतं. भाजण्याचे मोठे प्रकार इथे होतात, म्हणून आधी हेच नीट समजून घेऊ.

गप्प कुकर

घरगुती कुकर साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या जादा दाबावर चालतो. त्या दाबाला आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पाच लिटरच्या कुकरचं झाकण सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचं धरा. त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे शिट्टी वाजायच्या वेळी झाकणावर आतून तीनशे किलोंच्या वर जोर असतो. ज्वारीची तीन पोती एकावर एक ठेवावीत तसा. दाब उतरत उतरत दहावा हिस्सा राहिला, तरी तीस किलो उरतात. "थोडं प्रेशर असेल, काही होत नाही" या वाक्यातल्या थोड्याचा हिशोब हा असा आहे.

आता नेहमीची सवय बघा. गॅस बंद केल्यावर पाच-सात मिनिटांनी आपण उलथण्यानं शिट्टी जरा उचलतो. फुस्स आवाज आला तर वाफ आहे, थांबायचं. आवाज आला नाही तर वाफ गेली, उघडायचं. नळी मोकळी असेल तर ही परीक्षा अगदी बरोबर आहे. पण नळी डाळीच्या फेसानं बुजली असेल तर आत कितीही दाब असला तरी शिट्टी उचलल्यावर काहीच येणार नाही. वाफ येईल कुठून, वाटच बंद आहे. म्हणजे ज्या दिवशी कुकर सगळ्यांत धोकादायक असतो, त्याच दिवशी ही परीक्षा "बिनधास्त उघडा" असं खोटं उत्तर देते.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये हे जास्त भोवतं. त्याचं झाकण भांड्याच्या काठावरच्या खाचांत अडकून फिरतं. दाब असताना ते जड जातं, पण दोन्ही हातांनी जोर लावला की फिरतं. आतून बसणाऱ्या लंबगोल झाकणाची गोष्ट वेगळी. ते उघडायला आधी खाली ढकलावं लागतं आणि आतली वाफ त्याला वर काठाशी दाबून धरते, त्यामुळे दाब असताना ते सहसा सुटत नाही. सुटत नाही म्हणून त्यावर हातोडी किंवा बत्ता ठोकणारे मात्र आहेत. तसं कधीच करू नका.

आखाजीची डाळ: एक उदाहरण शेवटपर्यंत

नळी कशानं बुजते हे पुरणाच्या डाळीवरून चांगलं कळतं. आखाजीला, पोळ्याला खापरावरचे मांडे करायचे म्हणून एरवी पाव किलो वरणाला वापरला जाणारा कुकर त्या दिवशी काठोकाठ भरला जातो.

समजा पाच लिटरचा कुकर आहे. एक किलो हरभऱ्याची डाळ, तीन लिटर पाणी. एक किलो डाळ पाण्यात बुडाली की साधारण पाऊण लिटर जागा घेते. म्हणजे सुरुवातीलाच पावणेचार लिटर झालं आणि कुकर तीन चतुर्थांश भरला. बोअरचं पाणी क्षाराचं असल्यानं डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून वर चिमूटभर सोडा. झाकण लावलं, गॅस मोठा.

दहा-बारा मिनिटांत उकळी येते. हरभऱ्याच्या डाळीतली प्रथिनं आणि पिठूळ अंश पाण्यात उतरून दाट, चिवट फेस धरतो, सोड्यानं तो आणखी वाढतो. झाकणाखाली जागाच कमी असल्यानं फेस थेट नळीच्या तोंडाशी पोचतो. पहिली शिट्टी होते ती पिवळं पाणी उडवतच होते. इथे थांबायचा पहिला इशारा मिळाला होता: शिट्टीतून कोरडी वाफ यावी, फेस येऊ नये. दुसरी शिट्टी घरघरत, अर्धवट होते. फेसाबरोबर सालपटाचे तुकडे नळीत येतात. नळीचं छिद्र जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढ्या जाडीचं, त्यात एक सालपट आडवं बसलं की मागून येणारी दाट डाळ त्यावर थापली जाते. तिसरी शिट्टी होतच नाही.

पुढची पाच मिनिटं फार महत्त्वाची. स्वयंपाकघरात गडबड आहे, कुणाला वाटतं गॅस कमी पडतोय, म्हणून आच वाढवली जाते. आत दाब वाढतच जातो. आता तीनच गोष्टी होऊ शकतात. झाकणाच्या कडेला जी लांबट खिडकी असते, तिच्यातून रबर बाहेर येऊन वाफ सोडेल. किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल. किंवा हे दोन्ही व्हायच्या आत "झाली असेल डाळ" म्हणून गॅस बंद होईल, शिट्टी उचलली जाईल, आवाज येणार नाही आणि झाकण फिरवलं जाईल.

झाकण सुटल्यावर काय होतं ते आकड्यांत सांगतो. १२० अंशांचं पाणी दाब जाताच १०० अंशांवर येतं आणि ती उरलेली उष्णता पाण्याच्या सुमारे चार टक्के भागाची क्षणात वाफ करते. तीन लिटर पाण्यातले चार टक्के म्हणजे १२० ग्रॅम. ऐकायला हे अर्धा कप वाटतं, पण त्याची वाफ जवळजवळ दोनशे लिटर होते, म्हणजे अंगणातलं एक मोठं पिंपभर. ती सगळी डाळीच्या तळातून एकदम फुटते आणि डाळ घेऊन वर येते. म्हणून नुसती वाफ लागत नाही, उकळती डाळ छतापर्यंत उडते आणि अंगाला चिकटून राहते.

हीच डाळ सुरळीत शिजवायची तर एक किलोचे दोन घाणे करा. अर्धा किलो डाळ दोन तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, कुकरमध्ये दीड लिटर ताजं पाणी घाला. सगळं मिळून अडीच लिटरच्या आत राहतं, कुकर अर्ध्याच्या खाली. झाकण न लावता उकळी येऊ द्या, वर आलेला फेस झाऱ्यानं काढून टाका, एक चमचा तेल घाला आणि मग झाकण लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. सोडा घालू नका. क्षाराच्या पाण्यावर खरा उपाय भिजवणं हाच आहे, आणि शक्य असेल तर डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापरा. दोन घाण्यांना अर्धा तास जास्त लागतो एवढंच.

हाच नियम तुरीच्या वरणाला, उडदाच्या डाळीला, मटकी-चवळीला आणि भाताला. फेस धरणारं किंवा फुगणारं काहीही असेल तर कुकर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरायचा नाही. बटाटे, कंद, मटण यांना दोन तृतीयांशापर्यंत चालतं. बट्टीबरोबरचं वरण डब्यात लावत असाल तर डब्यावर झाकणी ठेवा, म्हणजे फेस डब्यातच राहतो.

शिट्टी अचानक थांबली तर

वाजत असलेला कुकर मध्येच गप्प झाला, किंवा रोज आठ-दहा मिनिटांत होणारी शिट्टी पंधरा मिनिटं झाली तरी होईना, तर आधी एकच बघायचं: कडेनं वाफ जातेय का? लांबूनच, बाजूला उभं राहून. कडेनं वाफ जात असेल तर दाब साठत नाही, दोष रबराचा किंवा काठाचा आहे. कुठूनच वाफ येत नसेल आणि आतून खदखदण्याचा आवाज येत असेल तर नळी बुजली आहे असं समजूनच चालायचं.

गॅस बंद करा. शेगडीच्या बटणापर्यंत हात कुकरवरून न नेता बाजूनं न्या. लहान मुलांना बाहेर काढा. यानंतर कुकरला हात लावायचा नाही. शिट्टी हलवायची नाही, नळीत सुई घालायची नाही, उचलून नळाखाली न्यायचा नाही. हे शेवटचं बऱ्याच जणांना पटत नाही, कारण एरवी आपण घाईत कुकर नळाखाली धरतोच. पण नळी बुजलेला, दाबानं भरलेला कुकर हातात घेऊन चालणं म्हणजे ज्या वस्तूपासून लांब राहायला हवं तीच पोटाशी धरणं. सुई घालण्यात तर आणखी वाईट होतं: अडकलेलं सालपट सुटलं की वाफेची धार थेट सुई धरलेल्या हातावर आणि वाकलेल्या चेहऱ्यावर येते.

किमान एक तास तसाच राहू द्या. खान्देशातल्या वैशाख महिन्यात, ओटाच तापलेला असताना, दीड तास द्या. दाट डाळ उष्णता धरून ठेवते. बाहेरची धातू आधी निवते आणि मधला गोळा मागे गरम राहतो, म्हणून घाई नको. कुकरच्या अंगाला तळवा निवांत टेकवून ठेवता आला, अगदी खालच्या बाजूलाही, तर त्यानंतर आणखी वीस मिनिटं थांबा. आतलं सगळं १०० अंशांच्या खाली आलं की वाफेचा जादा दाब राहूच शकत नाही. बुजलेल्या कुकरबाबत भरवशाची परीक्षा ही एकच, थंडपणाची.

आता एक गोंधळ होतो, त्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. पूर्ण थंड झालेल्या कुकरचं झाकणही कधीकधी हलत नाही आणि माणूस घाबरतो की अजून दाब आहे. प्रत्यक्षात आता उलटं झालेलं असतं. आतली वाफ पाणी होऊन आटली, नळी बंद असल्यानं बाहेरची हवा आत शिरली नाही, आत पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेनं झाकण दाबून धरलं. दोन्हींत झाकण घट्ट असतं, फरक फक्त तापमानाचा. गरम आणि घट्ट म्हणजे दाब. गार आणि घट्ट म्हणजे पोकळी. गार असेल तर शिट्टी काढा, चेहरा बाजूला ठेवून नळीत जाड सुई किंवा दाभण हळू फिरवा. अडथळा सुटला की हवा आत जाताना सूं असा आवाज येतो आणि झाकण अलगद फिरतं. तरीही फिरलं नाही तर रबर चिकटलं असेल. कडेनं साधं पाणी सोडा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पेचकसानं उचकटू नका. काठ एकदा वाकला की तो कुकर पुढे कायम गळत राहतो.

नळी साफ करणं

रोजची तपासणी दहा सेकंदांची आहे. झाकण लावण्याआधी ते खिडकीकडे धरून नळीतून बघायचं. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर नळी अर्धी बुजली आहे, आणि अर्धी बुजलेली नळी तिसऱ्या शिट्टीला पूर्ण बुजते. काही झाकणांत नळीच्या आतल्या तोंडावर छोटी जाळी किंवा भोकांची टोपी असते. तिथून उजेड नीट दिसत नाही, मग वरून पाण्याची बारीक धार सोडा, खाली सरळ धार पडली पाहिजे. ठिबकली तर साफ करा.

साफ करायला गोधडी शिवायची जाड सुई किंवा सायकलच्या चाकाची गुळगुळीत तार घ्या. आधी आतल्या बाजूनं, मग वरून, दोन्हीकडून फिरवा आणि नळाखाली धरा. काडेपेटीची काडी किंवा उदबत्तीची काडी घालू नका, टोक आत मोडतं आणि नवाच बूच तयार होतो.

सुई जाते, पण छिद्र लहान होत चाललंय असं वाटलं तर आत क्षार धरलाय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीत, गीझरमध्ये जो पांढरा थर येतो तोच हा. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्व विरघळवा, नळीचा भाग त्यात अर्धा तास बुडवा, मग सुई फिरवून धुवा. ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर रात्रभर ठेवू नका, आंबटानं धातू खाल्ली जाते.

शिट्टीच्या पोटातही तीच घाण बसते आणि तिकडे कुणी बघत नाही. ती उलटी करून गरम पाण्यात भिजवा आणि आतलं टोक सुईनं खरवडा. शिट्टी हरवली तर त्याच मॉडेलची आणा. शेजारच्या कुकरची बसली म्हणजे चालते असं नाही. शिट्टीचं वजनच दाब ठरवतं, त्यामुळे जास्त जड शिट्टी म्हणजे जास्त दाब. शिट्टीवर पळी किंवा चिमटा ठेवणं हा त्याचाच प्रकार.

मग रबर कधी दोषी?

नळी मोकळी आहे, तरी शिट्टी होत नाही. आता रबराकडे वळा. कुकरमध्ये फक्त सव्वा कप, म्हणजे साधारण ३०० मिली पाणी घाला, दुसरं काही नाही, आणि मोठ्या गॅसवर ठेवा. चांगला कुकर चार-पाच मिनिटांत शिट्टी देतो. दहा मिनिटांत नाही दिली तर गॅस बंद, नाहीतर पाणी आटून कुकर कोरडा तापेल.

कडेनं वाफ जात असेल तर ती नेमकी कुठून जाते ते लक्षात ठेवा, उदाहरणार्थ मोठ्या दांड्याच्या डावीकडून. कुकर थंड झाल्यावर रबर काढून अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा तीच चाचणी घ्या. गळती जागा बदलून समोरच्या बाजूला गेली तर दोष रबरात. गळती तिथेच राहिली तर भांड्याचा किंवा झाकणाचा काठ दबला आहे, आणि मग दहा रबरं बदलून काही होणार नाही. पळी काठावर आपटून चिकटलेली डाळ झटकायची सवय असते ना, काठ त्यानंच दबतो.

रबर हातात घेऊन दुमडा. दुमडलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या, नखानं दाबल्यावर खळगा तसाच राहिला, किंवा ते झाकणात सैल पडून घसरत असेल तर बदला. रोज वापर असेल तर वर्षा-दीड वर्षात ते कडक होतंच. काढून ठेवताना धुऊन, पुसून ठेवा. खिळ्याला टांगू नका, लांबतं.

ढिलं रबर फ्रीजरमध्ये ठेवून घट्ट करायची युक्ती घरोघरी आहे. गार रबर थोडं आक्रसतं, एक-दोन वेळा काम होतं, पण झिजलेलं रबर त्यानं नवं होत नाही. पाहुणे घरात असताना एकदा चालून जाईल. कडेला कणकेचा लेप लावणं मात्र अजिबात चालवून घेऊ नये. बाहेरच्या झाकणाच्या कडेला एक लांबट खिडकी असते. दाब हाताबाहेर गेला तर रबर त्यातून बाहेर फुगून वाफ सोडतं. कणकेनं ती बुजते. दोरा किंवा जुन्या रबराचे तुकडे भरल्यानंही तेच होतं. म्हणजे नळी रोजची वाट आणि खिडकी संकटाची वाट, आणि आपण दोन्ही लिंपून टाकतो. कुकर ठेवताना ही खिडकी भिंतीकडे वळवून ठेवा, उभ्या माणसाकडे नको.

नवं रबर घ्यायला जाताना जुनं बरोबर न्या. जळगावच्या फुले मार्केटात काय किंवा गावच्या आठवडे बाजारात काय, "पाच लिटरचं द्या" म्हटलं तर पाच प्रकारची मिळतात. आतल्या आणि बाहेरच्या झाकणाच्या रबराचा आकारच वेगळा असतो, आणि एकाच मापातही जाडी वेगळी असते. सैल किंवा ताणून बसवावं लागणारं रबर परत करा. कुकरच नवा घेत असाल तर आयएसआय चिन्ह आणि त्याच्या वर आयएस २३४७ हा क्रमांक बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला हे चिन्ह सक्तीचं आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला

झाकणावर शिट्टीपासून बाजूला जे छोटं बटण दिसतं, त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा थेंब असतो. आतलं तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की तो वितळतो आणि वाफ तिथून निघते. तो उडाला म्हणजे दोनपैकी एक झालं: नळी बुजली होती किंवा कुकर कोरडा पडला होता. कारण शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही उडेल. त्या जागी स्क्रू ठोकणं, एम-सील भरणं, वेल्डिंग करून घेणं हे भांडी दुरुस्त करणारे स्वस्तात करून देतात, आणि कुकर त्यानंतर खरोखर फुटू शकतो, कारण आता वाफेला शेवटची वाटही उरलेली नसते. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणा. आतल्या बाजूनं त्यावर डाळीचा वाळलेला थर बसू देऊ नका, थर असला की उष्णता धातूपर्यंत उशिरा पोचते.

नुकतंच शिकणाऱ्यांसाठी

खोली करून राहणारी पोरं आणि पहिल्यांदा कुकर लावणाऱ्यांनी आठवडाभर असा क्रम ठेवावा. नळीतून उजेड बघा. कुकर अर्धा भरला आहे ना ते बघा, आणि किमान सव्वा कप पाणी आहे ना तेही. झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवू नका. नळीतून वाफेची सरळ, सलग धार येऊ द्या आणि मग उलथण्यानं किंवा चिमट्यानं शिट्टी ठेवा. ही सवय फार कमी घरांत दिसते, पण नळी मोकळी असल्याची खात्री रोज आपोआप होते. शिट्टी झाकणाला पक्की लावलेली असेल तर पहिल्या शिट्टीआधी सूंसूं आवाज सुरू होतो का ते ऐका. कुकर गॅसवर असताना स्वयंपाकघर सोडून फोनवर बसायचं नाही. झाकण उघडताना आधी शिट्टी पूर्ण काढा, जोर न लावता फिरवा, आणि लांबची कड आधी उचला, म्हणजे उरलेली वाफ समोर जाते, तोंडावर येत नाही. झाकण जड गेलं की हात मागे. वरचा नियम आठवा: गरम आणि घट्ट म्हणजे दाब.

भाजलंच तर

चिकटलेली डाळ पुसू नका, पुसताना कातडी निघते. वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, पाण्यानंच ती सुटेल, आणि तसंच वीस मिनिटं धरून ठेवा. मे महिन्यात टाकीचं पाणी कढत येतं, तेव्हा माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. भिजलेला कपडा काढा, पण कातडीला चिकटला असेल तर त्याच्याभोवती कापून तेवढा तुकडा राहू द्या. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यातलं काहीही नको. डॉक्टरांना जखम बघायला तेच आधी खरवडावं लागतं. वीस मिनिटांनंतर स्वच्छ सुती कापड सैल झाकून निघा.

चेहरा, डोळे, हाताचे पंजे किंवा गुप्तांगाजवळ भाजलं असेल, फोड आले असतील, भाजलेला भाग त्या माणसाच्या तळव्यापेक्षा मोठा असेल, किंवा मूल अथवा म्हातारं माणूस असेल तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. डोळ्यात डाळ गेली असेल तर गाडी येईपर्यंत डोळा उघडा धरून पाणी सोडत राहा. आणि निघण्याआधी कुणीतरी गॅसचं बटण खरंच बंद आहे का ते बघा. सांडलेल्या डाळीनं शेगडी विझते, गॅस मात्र चालूच राहतो.